काकांची सही

जानेवारीच्या शेवटच्या मंगळवारी आमचा चेक परत आला. खात्यात पैसे होते, रक्कम अंकी-अक्षरी बरोबर होती, तारीखही ठीक. परतीच्या कागदावर कोड १२ आणि कारण एका ओळीचं : सही जुळत नाही. चेक बारदानवाल्याचा होता. काजूच्या बियांचा हंगाम तोंडावर आणि पोत्यांची पहिली गाडी यायची होती, त्यामुळे त्याने फोन केला तेव्हा सुरुवात चेकपासून न करता ‘गाडी थांबवू का’पासून केली. त्याला लगेच दुसरीकडून पैसे पाठवले आणि चेक परत मागवून घेतला.

वेंगुर्ल्याच्या बाजूला आमचा काजूचा छोटा कारखाना आहे. भागीदारी फर्म. १९९८ साली काका आणि बाबांनी सुरू केली. २०१४ मध्ये बाबा गेले, तेव्हा मी आणि ताई भागीदार म्हणून आत आलो. ताई लग्न होऊन पुण्याला. बॅंकेत मात्र पहिल्यापासून एकच सही, काकांची. बाबा असतानाही तीच होती, कारण बाबांना बॅंकेत जायचा कंटाळा होता. फर्मच्या नावाचा रबरी शिक्का, त्याच्याखाली ‘भागीदार’ आणि मध्ये काकांचं लफ्फेदार नाव. शेवटच्या अक्षरातून एक रेघ मागे वळून पूर्ण नावाखालून जायची.

ती रेघच आता जात नव्हती. वर्षभरापासून काकांचा उजवा हात थरथरतो. गोळ्या चालू आहेत. सकाळी बरा असतो, दुपारनंतर चहाचा कपही दोन हातांनी धरावा लागतो. परत आलेला चेक मी जुन्या चेकच्या झेरॉक्सशेजारी ठेवला. बॅंकेची चूक नव्हती. नाव होतं, पण दातेरी. आणि ती रेघ अर्ध्यावर येऊन खाली घसरलेली.

कुडाळच्या आमच्या सीएंना फोन केला, तर त्यांनी एक गोष्ट सांगितली जी मला माहीत नव्हती. मी समजत होतो की चेक बाउन्सचा खटला फक्त पैसे नसतील तरच होतो. ते म्हणाले, सही जुळत नाही म्हणून परत गेला तरी कलम १३८ लागू शकतं, सुप्रीम कोर्टाने २०१२ मध्येच तसं सांगितलंय. तुमचा बारदानवाला ओळखीचा आहे म्हणून निभावलं. पुढच्या महिन्यात दीडशे शेतकऱ्यांना बियांचे चेक द्यायचेत. सही बदला.

त्या रात्री मी नेटवरून नमुना काढून पत्र लिहिलं. लिहिलं म्हणजे काय, जागा भरल्या. आणि सोमवारी, ३ फेब्रुवारीला, शाखेत नेऊन दिलं. काउंटरमागचे साहेब नांदेडकडचे, बदलीवर आलेले. त्यांनी पत्र वाचलं, चष्मा वर केला आणि विचारलं, “तुमच्याकडं बोर्ड कुठलं?”

पत्रात मी लिहिलं होतं, ‘संचालक मंडळाच्या बैठकीत मंजूर झालेल्या ठरावानुसार’. नमुना कंपनीचा होता. आमच्याकडे संचालकही नाहीत आणि मंडळही नाही. तीन भागीदार आहेत, आणि त्यातले दोघे रोज एकाच पंगतीला जेवतात. साहेबांनी हसून सांगितलं ते असं. कंपनी ही वेगळी व्यक्ती, तिच्या वतीने मंडळ ठरवतं, म्हणून तिथे ठरावाची प्रत लागते आणि एका संचालकाची सही पुरते. भागीदारी फर्म म्हणजे भागीदारच. त्यामुळे पत्रावर सगळ्या भागीदारांच्या सह्या हव्यात. मी त्या पत्रावर एकट्याने सही केली होती. म्हणजे ज्याला अधिकार मिळायचाय त्यानेच तो स्वतःला द्यावा, असा प्रकार.

“आणि हे काय लिहिलंय? ‘काकांच्या ऐवजी माझं नाव जोडावं’. ऐवजी का जोडावं? दोन्ही कसं होईल?”

मला तो किस पाडणं वाटलं होतं. नंतर कळलं की सगळं पत्र त्या एका शब्दावर उभं असतं. ‘जोडणे’ म्हणजे जुनी सही राहते, नवी तिच्याशेजारी येते, आणि मग विचारणं आलं की कुणा एकाची चालेल की दोघांची लागेल. ‘ऐवजी’ म्हणजे जुनी सही त्या क्षणी सिस्टिममधून जाते. संदिग्ध लिहिलं तर साहेब दोनपैकी एक अर्थ स्वतःच्या डोक्याने लावणार नाहीत. पत्र परत देतील. आणि तेच बरं.

त्यांनी एक साधा प्रश्न विचारला, जो मी स्वतःला विचारायला हवा होता : काका फर्ममधून निवृत्त होतायत की फक्त सही सोडतायत?

काका निवृत्त होत नव्हते. नफ्यातला त्यांचा हिस्सा तसाच राहणार होता. सकाळी सातला बॉयलरपाशी खुर्ची टाकून बसणं चालू होतं, बिया हातात घेऊन त्यातली किती पोचट आहेत हे ते अजून मोजण्याआधी सांगतात. फक्त चेकवर सही करणार नव्हते. साहेब म्हणाले, मग सोपं आहे. भागीदार बदलला असता तर नवा भागीदारी करार, रजिस्ट्रार ऑफ फर्म्सकडे बदलाची नोंद, सगळं आलं असतं. त्यात खातं कॅश क्रेडिटचं असतं तर बॅंकेने ते थांबवूनच ठेवलं असतं. का, असं मी विचारलं तर म्हणाले, खातं तसंच चालू ठेवलं की नंतर भरलेले पैसे आधीच्या उचलीत वळते होतात, जुनं कर्ज फिटल्यासारखं होतं, आणि निवृत्त झालेला भागीदार त्याच्या जबाबदारीतून अलगद सुटतो. म्हणून बॅंक रेघ मारते आणि पुढचे व्यवहार नव्या खात्यात घेते. आमचं साधं करंट अकाउंट, शिल्लक जमेची. तो प्रश्न नव्हता.

पण त्यांनी भागीदारी कराराची प्रत मागितली. माझ्याकडे झेरॉक्स होती, ती दिली. त्यांनी बोट ठेवून कलम दाखवलं : ‘फर्मचे बॅंक खाते चालविण्याचा अधिकार भागीदार क्रमांक एक यांच्याकडे राहील’. भागीदार क्रमांक एक म्हणजे काका. “तुमचा करार म्हणतोय हेच सही करणार. पत्र म्हणतंय पुतण्या करणार. मी कुणाचं ऐकू?”

त्या दिवशी मी पत्र घेऊन घरी आलो आणि मूळ करार शोधला. तो काकांच्या पत्र्याच्या ट्रंकेत, जमिनीच्या सातबाऱ्यांखाली होता. वाचला तर कळलं की झेरॉक्सवाल्याने पाठपोट छापलेल्या एका पानाची मागची बाजू काढलीच नव्हती. ते वाक्य मागच्या पानावर चालू होतं : ‘...किंवा सर्व भागीदार वेळोवेळी लेखी ठरवितील त्याप्रमाणे’. २०१४ ला करार लिहिणाऱ्या वकिलाने ही शेपटी ठेवली होती, तिने वाचवलं. ती नसती तरी मार्ग होता. भागीदारी कायद्याच्या कलम ११ प्रमाणे सगळ्या भागीदारांच्या संमतीने करारातली अट बदलता येते. पण मग पुरवणी करार करा, त्याचं मुद्रांक शुल्क भरा, आणि ताईला त्यावरही सही करायला लावा. इतकं करायची गरज पडली नाही.

खरी अडचण अजून पुढेच होती, आणि ती साहेबांना आधी दिसली. पत्रावर काकांचीही सही हवी. ती शाखेतल्या नमुन्याशी जुळायला हवी. काकांची सही जुळत नाही म्हणून तर पत्र लिहायचं होतं.

घरी सांगितलं तेव्हा काका बराच वेळ सुपारी कातरत बसले. मग म्हणाले, “माझो हात थरथरता म्हणान तुका सय देतंय, आणि ती देवक पण माझीच सय होयी?”

साहेबांनी दोन पर्याय सुचवले होते. एक, काकांच्या सहीचा नवा नमुना घ्यायचा, म्हणजे आताची थरथरती सही नोंदवायची. ऐकायला बरं, पण थरथरत्या हाताची सही रोज वेगळी असते. फेब्रुवारीतला नमुना एप्रिलमध्ये जुळला नसता. दुसरा, अंगठा. दोन साक्षीदारांसमोर, त्यातला एक बॅंकेचा अधिकारी. आजारी किंवा वृद्ध खातेदारांसाठी बॅंका ही रीत वापरतात. काकांनी हा पर्याय ऐकताच अडकित्ता खाली ठेवला. “सत्तावीस वर्सां सयो मारल्यो. आता अंगठो मारू?”

मग ठरलं ते असं : काकांनी स्वतः शाखेत यायचं, सकाळी, हात बरा असताना, आणि साहेबांसमोर सही करायची. ती नमुन्याशी तंतोतंत जुळली नाही तरी सही करणारा माणूस तोच आहे याची खात्री साहेब स्वतः करणार. सोबत डॉक्टरांचा दाखला, की कंप आजारामुळे आहे आणि रुग्ण आपले व्यवहार समजून करण्यास सक्षम आहे. हा दुसरा भाग डॉक्टरांनी आधी लिहिला नव्हता. त्यांनी फक्त आजाराचं नाव लिहिलं होतं. साहेबांनी परत पाठवलं. त्यांचं म्हणणं बरोबर होतं. पुतण्या काकांकडून सह्यांचा अधिकार घेतोय आणि काका आजारी आहेत, एवढंच कागदावर असेल तर उद्या कुणी विचारलं की त्यांना कळत तरी होतं का, तर उत्तर काय?

मधल्या दिवसांत पत्र नव्याने लिहिलं. या वेळी नमुना न बघता, साहेबांनी ज्या-ज्या जागी बोट ठेवलं होतं त्या जागा डोक्यात धरून. मराठीतच लिहिलं, चाललं. फक्त फर्मचं नाव इंग्रजी स्पेलिंगसह, खात्यावर जसं आहे तसंच लिहायला सांगितलं होतं. ते इथे देतो, नाव आणि नंबर गाळून.

‘प्रति, शाखाधिकारी. विषय : चालू खाते क्रमांक ... मधील अधिकृत स्वाक्षरीकर्त्यात बदल करणेबाबत.

महोदय, वरील खाते आमच्या भागीदारी फर्मच्या नावे आहे. आम्ही खाली सही करणारे तिघेजण या फर्मचे सर्व भागीदार आहोत, आमच्याखेरीज दुसरा भागीदार नाही. सध्या खाते भागीदार क्रमांक १ यांच्या एकट्याच्या सहीने चालते. ते फर्मचे भागीदार राहणार असून प्रकृतीच्या कारणाने यापुढे बॅंक व्यवहारांवर सही करणार नाहीत. फर्मच्या भागीदारांमध्ये किंवा त्यांच्या हिश्श्यांमध्ये कोणताही बदल झालेला नाही.

भागीदारी कराराच्या कलम ९ नुसार आम्ही सर्वांनी ठरविले आहे की, दिनांक २४ फेब्रुवारी २०२५ पासून भागीदार क्रमांक २ यांची सही खात्यावर जोडावी. त्या दिवसापासून दिनांक ३१ मार्च २०२५ पर्यंत क्रमांक १ किंवा क्रमांक २ यांपैकी कोणाही एकाची सही ग्राह्य धरावी. दिनांक १ एप्रिल २०२५ पासून क्रमांक १ यांची सही काढून टाकावी व खाते फक्त क्रमांक २ यांच्या सहीने चालवावे.

क्रमांक १ यांनी सही करून दिलेले व अद्याप न वटलेले धनादेश सोबतच्या यादीत दिले आहेत. सहीचे परंतु न वापरलेले धनादेश ०००३४५ ते ०००३४७ रद्द करून सोबत परत करीत आहोत. कर्ज घेणे, तारण देणे अथवा हमी देणे याचा अधिकार या पत्राने कोणालाही दिलेला नाही.’

खाली तिघांच्या सह्या, फर्मचा शिक्का, आणि माझा फोटो, पॅन, आधार, सहीच्या नमुन्याचं कार्ड.

दोन तारखांची कल्पना माझी नाही. मी ‘ताबडतोब’ लिहिलं होतं. साहेबांनी विचारलं, काकांचे किती चेक बाहेर आहेत? मी म्हटलं, असतील सहा-सात. मग त्यांनी सांगितलं की क्लिअरिंगला आलेले चेक आता शाखेत कुणी बघत नाही. त्यांची प्रतिमा एका केंद्रात जाते, तिथे बसलेला माणूस पडद्यावर चेकची सही आणि सिस्टिममधली सही शेजारी-शेजारी बघतो. त्याने तुमचे काका पाहिलेले नाहीत आणि तुमचं पत्रही वाचलेलं नाही. पत्रात ‘जुने चेक वटवावेत’ असं कितीही लिहा, सिस्टिममधून सही गेली की त्याच्यासमोर फक्त तुमची सही असणार आणि तो चेक परत करणार. म्हणून आधी जोडा, चेक वटू द्या, मग काढा.

हे घरात चालतं. नोकरी सोडून गेलेल्या मॅनेजरची सही काढायची असेल किंवा भागीदारांत फाटलं असेल, तर महिनाभर दोन्ही सह्या चालू ठेवणं म्हणजे दार उघडं ठेवणं. तिथे सही त्याच दिवशी काढायची, हातातली चेकबुकं मागून घ्यायची आणि जी पानं परत येत नाहीत त्यांचे नंबर देऊन पेमेंट थांबवायचं.

ते ०००३४५ ते ०००३४७ म्हणजे काय, ते सांगायला हवं. टेबलाच्या खणात काकांनी सही करून ठेवलेले तीन कोरे चेक होते. काका मुंबईला जायचे तेव्हा आठवड्याचा पगार अडू नये म्हणून. बहुतेक छोट्या कारखान्यांच्या खणात असे चेक असतात, कुणी कबूल करणार नाही. साहेबांना दाखवले तेव्हा ते काही बोलले नाहीत, फक्त स्टेपलर पुढे सरकवला.

ताईची सही वेगळीच गंमत. तिने पुण्यात त्याच बॅंकेच्या शाखेत जाऊन अधिकाऱ्यासमोर सही करावी, त्यांनी पडताळून शिक्का मारावा, असं ठरलं. पत्र कुरिअरने गेलं. ती शाखेत गेली तर त्यांच्या पडद्यावर २०१४ ची सही, तेव्हा ती माहेरचं आडनाव लावायची. आताची सही नवं आडनाव घेऊन. तिथल्या बाईंनी विवाह नोंदणीचा दाखला मागितला, तो घरी, घर कोथरूडला, ती हिंजवडीत नोकरीला. एक दिवस गेला. शेवटी तिने माहेरची जुनी सही आठवून केली. म्हणाली, पहिल्या तीन वेळा हात आडनावाकडे आपोआप वळत होता. (पडताळणीच्या दृष्टीने ते चाललं, पण तिने नाव बदलल्याची नोंद आता करून घेतली आहे. तोच प्रश्न पुन्हा कशाला.)

१८ फेब्रुवारी, मंगळवार. दुसऱ्या दिवशी शिवजयंतीची सुट्टी होती आणि पुढच्या आठवड्यात महाशिवरात्रीची, म्हणून हाच दिवस धरला. साडेदहाला रिक्षाने काकांना घेऊन गेलो. पांढरा शर्ट, खिशाला त्यांचं जुनं शाईचं पेन. साहेबांनी त्यांना काउंटरच्या आत, स्वतःच्या टेबलापाशी बसवलं, पंखा कमी केला. आधी एका कोऱ्या कागदावर सही करायला सांगितली. काकांनी डाव्या हाताने उजवं मनगट धरलं. नाव झालं. रेघ मागे वळली आणि मधेच अडखळली. “परत करतंय,” म्हणाले. दुसरी वेळ बिघडली. तिसरी चांगली आली, रेघ जवळजवळ टोकापर्यंत गेली. साहेबांनी पडद्यावरची १९९८ ची सही मोठी करून बघितली, मग म्हणाले, “आता पत्रावर करा. घाई नाही.”

पत्रावरची सही त्या तिन्हींपेक्षा वाईट आली. साहेबांनी काही म्हटलं नाही. काकांचं आधार आणि चेहरा बघितला, त्यांना दोन प्रश्न विचारले. हे पत्र कशाचं आहे? आणि यानंतर तुम्हाला चेकवर सही करता येणार नाही, माहिती आहे ना? काका म्हणाले, “होय. पण हिशोब मी बघतलंय.” साहेबांनी सहीशेजारी लिहिलं, ‘भागीदाराने माझ्यासमक्ष सही केली, ओळख पटविली’, खाली स्वतःची सही, कर्मचारी क्रमांक, शिक्का. तोच शेरा पूर्ण पत्राचा जीव. तो नसता तर पत्र पुढच्या टेबलावर, जिथे दुसरा अधिकारी नोंद तपासून मंजूर करतो, तिथे पुन्हा सही जुळत नाही म्हणून अडकलं असतं.

मी पोच घेतली, पत्राच्या प्रतीवर तारीख आणि शिक्का. २४ ला माझी सही दिसू लागली. ते मी विचारून खात्री करून घेतलं आणि त्यानंतरच पहिला चेक फाडला. नवं चेकबुक लागलं नाही. पानांवर फर्मचं नाव छापलेलं असतं, माणसाचं नाही, त्यामुळे ०००३४८ पासून पुढची पानं मीच वापरली.

नेट बॅंकिंगचं मात्र माझ्या लक्षातच आलं नव्हतं. सही बदलली म्हणजे सगळं बदललं असं मी धरून चाललो. मार्चच्या पहिल्या आठवड्यात पहिल्या दहा शेतकऱ्यांचे पैसे पाठवायला बसलो तर ओटीपी काकांच्या मोबाइलवर. आणि काका बागेत, फोन घरी चार्जिंगला. नेट बॅंकिंगच्या वापरकर्त्याचा फॉर्म वेगळा, मोबाइल नंबरचा वेगळा. जीएसटीच्या पोर्टलवरचा अधिकृत स्वाक्षरीकर्ता तर बॅंकेशी संबंधितच नाही, तो तिथे जाऊन आपणच बदलायचा. पत्र दिलं त्याच दिवशी बॅंकेचे हे दोन फॉर्म दिले असते तर एक फेरी वाचली असती.

आणि एक चेक चुकलाच. ३ एप्रिलला कोल्हापूरहून बॉयलर दुरुस्तीवाल्याचा फोन. त्याला १० जानेवारीचा चेक दिला होता, तेव्हा काकांची सही बरी होती. मला वाटलं कधीच वटला असेल. त्याने तो गाडीच्या डॅशबोर्डमध्ये ठेवून दिला होता आणि आता भरला. चेक तारखेपासून तीन महिने चालतो, म्हणजे १० एप्रिलपर्यंत तो जिवंत होता. आमच्या पत्राप्रमाणे काकांची सही १ एप्रिलला गेली. परत आला. मी यादी चेकबुकाच्या अर्धकांवरून केली होती, बॅंकेच्या उताऱ्याशी ताडून नाही. अर्धकावर सगळेच चेक दिलेले दिसतात, वटलेले कुठले ते उताऱ्यावरच कळतं. सही काढायची तारीख ३१ मार्च मी आर्थिक वर्ष संपतं म्हणून घातली होती. खरं म्हणजे काकांच्या शेवटच्या चेकवर जी तारीख होती तिच्यापुढे तीन महिने मोजायला हवे होते. दुरुस्तीवाल्याला त्याच दिवशी पैसे पाठवले, परतीचा खर्चही दिला. तो म्हणाला, ठीक आहे, पण पुढच्या वेळी रोखच द्या.

मोबाइलचा फॉर्म भरताना साहेबांनी विचारलं होतं, काकांचा नंबर काढू ना? ओटीपी माझ्याकडे घेतला. खात्यातून पैसे गेल्या-आल्याच्या संदेशासाठी दुसरा नंबर देता येत होता, तिथे काकांचा ठेवला. त्यामुळे मी कुणालाही चेक दिला आणि तो वटला की दहा मिनिटांत बॉयलरपाशी खुर्चीवरून हाक येते, “रे, अठरा हजार कोणाक गेले?”